दुसऱ्या भाषेतील उपशीर्षकांच्या परिणामाचे मापन

व्हिडिओला दुसऱ्या भाषेतील उपशीर्षके, म्हणजेच सबटायटल्स, जोडल्यामुळे तो अधिक लोकांपर्यंत पोहोचतो का आणि अधिक वेळ पाहिला जातो का, हे तपासण्याची ही पद्धत आहे. यूट्यूबच्या आकडेवारीत कोणत्या भाषेची उपशीर्षके किती वेळा वापरली गेली हे दिसते. पण उपशीर्षके मुद्दाम सुरू करणारा प्रेक्षक मुळातच व्हिडिओ पाहण्यास उत्सुक असतो, त्यामुळे तो जास्त वेळ थांबला याचे श्रेय उपशीर्षकांना देता येत नाही.

‘आधी आणि नंतर’ ही तुलनाही फसवी ठरते. समजा, नवी मुंबईतील एक मराठी वाहिनी ठाणे खाडीतील पक्ष्यांवर व्हिडिओ करते आणि जानेवारीपासून त्यांना हिंदी उपशीर्षके देऊ लागते. प्रेक्षक वाढतात, पण हिवाळ्यात रोहित पक्षी खाडीत आलेले असल्याने त्या विषयाचे कुतूहल तेव्हा एरवीही वाढलेलेच असते. प्रदेशनिहाय आकडेही येथे उपयोगी पडत नाहीत, कारण नेरुळच्या एकाच इमारतीत मराठी आणि हिंदी भाषक शेजारी राहतात.

अधिक विश्वासार्ह मार्ग नाणेफेकीचा आहे. विषय, लांबी आणि प्रसिद्धीचा काळ जुळणाऱ्या व्हिडिओंच्या 12 जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीतील कोणत्या व्हिडिओला उपशीर्षके द्यायची हे नाणे उडवून ठरवावे, ती प्रसिद्धीच्या क्षणापासूनच द्यावीत आणि दोन्हींचे पहिल्या 28 दिवसांचे आकडे ताडून पाहावेत. शीर्षक मात्र दोन्हींचे मराठीच ठेवावे. ते हिंदीतही दिले, तर शोधातून आलेला प्रेक्षक शीर्षकामुळे आला की उपशीर्षकांमुळे, हे वेगळे काढता येत नाही. उपशीर्षकांचा व्हिडिओ 12 पैकी 7 जोड्यांत पुढे राहिला, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण उपशीर्षकांचा कोणताही परिणाम नसताना 7 किंवा अधिक जोड्यांत आघाडी मिळण्याची शक्यता सुमारे 39 टक्के असते. 10 किंवा अधिक जोड्यांसाठी ती सुमारे 2 टक्के असते, आणि तेव्हाच दखल घेणे योग्य.

सर्वाधिक गल्लत सरासरीने होते. एका व्हिडिओला 1,000 व्ह्यूज आणि सरासरी 4 मिनिटे मिळतात, म्हणजे एकूण 4,000 मिनिटे. उपशीर्षकांमुळे आणखी 300 व्ह्यूज आले आणि ते नवे प्रेक्षक 2 मिनिटेच थांबले, तर एकूण वेळ 4,600 मिनिटे होतो, पण सरासरी सुमारे साडेतीन मिनिटांवर उतरते. जुन्या प्रेक्षकांपैकी कोणीही कमी पाहिलेले नसते, तरीही केवळ सरासरी पाहणारा निर्माता उपशीर्षके बंद करून टाकतो. म्हणून एकूण वेळ आणि सरासरी हे दोन्ही आकडे सोबत ठेवूनच वाचावे लागतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. उपशीर्षकांच्या व्हिडिओमुळे वाहिनीवर आलेला हिंदी भाषक पुढे जोडीतला दुसरा व्हिडिओही पाहू शकतो. तेव्हा दोहोंतील फरक प्रत्यक्ष परिणामापेक्षा कमी दिसतो.