पाठीमागून जाऊ नका: मनोविकार वॉर्डातल्या एका नियमाची पार्श्वभूमी

मनोविकार वॉर्डात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी बजावल्या जातात: चिडलेल्या रुग्णापासून दोन हातांच्या लांबीइतकं अंतर ठेवा आणि त्याच्या पाठीमागून जाऊ नका.

यातल्या दुसऱ्या सूचनेमागे १९७०चं एक काम आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ऑगस्टस किंझेल यांनी १४ कैद्यांना एकेक करून खोलीच्या मधोमध उभं केलं. मग किंझेल आठ दिशांनी पाऊलपाऊल त्या कैद्याकडे गेले. नकोसं वाटलं की कैद्याने ‘थांबा’ म्हणायचं. हिंसक वागलेल्या ८ जणांना इतरांच्या जवळपास चौपट मोकळी जागा लागली, आणि ती समोरपेक्षा पाठीमागे जास्त. संथपणे येणारा माणूस त्यांच्यातल्या काहींना अंगावर धावून येतोय असं वाटत होतं. प्रयोग लहान होता आणि ती माणसं वॉर्डातले रुग्ण नव्हे, कैदी होती. तरी वॉर्डात रोज दिसणारी गोष्ट त्याने मोजून दाखवली.

पुढे २०१२ साली चिडलेल्या रुग्णांना कसं हाताळावं हे सांगणाऱ्या, अमेरिकेतल्याच ‘प्रोजेक्ट बीटा’च्या मार्गदर्शनात दोन हातांचं अंतर आणि ‘रुग्णाशी एकानेच बोलायचं’ हे दोन्ही लिहून आलं. बोलण्याऐवजी बांधून ठेवण्याची वाट किती घातक ठरते हेही दिसलं आहे: आपल्याकडे २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळ्यांवर बंदी घातली. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तरच रुग्णाला बांधता येतं. माणसं कमी आहेत म्हणून बांधणं या कायद्याला मान्य नाही. मुंबईच्या भरलेल्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्याला हे वाक्य फार जवळून कळतं.

अशाच एका रात्री उन्मादातला एक तरुण दोन खाटांमधल्या बोळात फेऱ्या मारत होता. विद्यार्थिनी इंजेक्शनचा ट्रे घेऊन मागून आली आणि तो गर्रकन वळला, मुठी आवळून. सिस्टरने तिला हाताने खूण करून त्याच्या नजरेसमोरून लांब जायला लावलं, नातेवाइकांना बाहेर काढलं. स्वतः थोडी तिरकी उभी राहिली, हात उघडे, पाठीशी दार, पण त्याची वाट मोकळी.

“दादा, मी इथली सिस्टर. काय हवंय तुम्हाला?”

“आईला फोन!”

“लावून देते. खाटेवर बसून बोलणार की त्या खुर्चीत?”

तो खुर्चीत बसला. फोन झाल्यावर गोळी त्याने स्वतःच्या हाताने घेतली.

हे दर वेळी जमत नाही. फेऱ्या वाढल्या, किंवा बोलणारा अचानक गप्प होऊन एकटक बघू लागला, तर मागे सरून मदत बोलवावी. आणि रुग्ण घामाघूम असेल, हात थरथरत असतील, आपण कुठे आहोत हेच त्याला उमगत नसेल, तर नुसत्या बोलण्यावर वेळ घालवू नये. साखर कमी झालेली असू शकते, दारू अचानक बंद झाल्याचा त्रासही असू शकतो. डॉक्टरांना लगेच बोलावून साखर तपासावी.