सुदूर संवेदनाचा धडा लोणारच्या काठावर

स्पर्धा परीक्षेच्या वह्यांमध्ये सुदूर संवेदनाचा धडा बहुतेकदा व्याख्यांची यादी होऊन बसतो. रास्टर म्हणजे काय, व्हेक्टर म्हणजे काय, रिझोल्यूशनचे चार प्रकार कोणते, एवढं लिहून पान संपतं. पण या प्रत्येक शब्दामागे 'या माहितीकडून मला कोणतं उत्तर मिळू शकतं आणि कोणतं नाही' असा एक साधा प्रश्न असतो. एक जागा धरून तो विचारत गेलं की धडा आपोआप आटोपशीर होतो. आपण बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार घेऊ. विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, आतलं तळं सुमारे १.२ किलोमीटर, आकार जवळपास गोल. शिवाय जून २०२० मध्ये या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं.

आधी माहितीचे प्रकार. तळ्याची कडा बिंदू जोडून रेषेने आखली तर ती झाली व्हेक्टर माहिती. देऊळ बिंदूने, रस्ता रेषेने आणि तळं बंद आकृतीने दाखवायचं, आणि प्रत्येकाला नाव, क्षेत्रफळ, खोली अशी माहिती तक्त्यात जोडायची. उपग्रहाची प्रतिमा मात्र रास्टर असते, म्हणजे सारख्या चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात एक आकडा. त्या चौकोनातून किती प्रकाश परतला, एवढंच तो आकडा सांगतो. 'इथे पाणी आहे' हे प्रतिमेत कुठेही लिहिलेलं नसतं. ते आपण ठरवतो, आणि चुका होतात त्या बहुधा ठरवतानाच.

आता संवेदकाच्या संज्ञा. अवकाशीय रिझोल्यूशन म्हणजे एका चौकोनाची जमिनीवरची बाजू. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ संवेदकाचा चौकोन २३.५ मीटरचा आहे. त्यात लोणारचं तळं सुमारे दोन हजार चौकोनांत बसतं. त्याच उपग्रहावरच्या अॅविफ्सचा चौकोन ५६ मीटरचा, म्हणून तिथे तळ्याला जेमतेम साडेतीनशे-चारशे चौकोन मिळतात. फरक फक्त धूसरपणाचा नाही. काठावरच्या चौकोनांत अर्धं पाणी आणि अर्धा चिखल असतो. त्यांना पाण्यात धरायचं की जमिनीत, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. लिस-३ मध्ये असे मिश्र चौकोन तळ्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके निघतात, अॅविफ्समध्ये पाव हिश्शाच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात तळं पाच टक्क्यांनी आटलं, असा दावा कोणी अॅविफ्सच्या प्रतिमेवरून केला तर मी तो मानणार नाही.

कालिक रिझोल्यूशन म्हणजे उपग्रह त्याच जागी पुन्हा किती दिवसांनी येतो ते. लोणारच्या रंगाची सर्वांनी पाहिलेली जोडी लँडसॅट-८ ची आहे: २५ मे २०२० ला हिरवट तळं आणि १० जूनला गुलाबी. दोन तारखांमध्ये बरोबर सोळा दिवस आहेत, कारण लँडसॅट-८ चा फेराच सोळा दिवसांचा. या जोडीवरून तळं रातोरात गुलाबी झालं असं म्हणता येत नाही. दरम्यान कधीतरी झालं, एवढंच म्हणता येतं.

वर्णपटीय रिझोल्यूशन लोणारच्या बाबतीत सर्वात कामाचं आहे. संवेदक प्रकाशाचे कोणते पट्टे वेगवेगळे मोजतो, हा त्याचा अर्थ. लिस-३ हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त असे चार पट्टे मोजतो. त्यात निळा पट्टाच नाही. डोळ्याला दिसतं तसं चित्र बनवायला लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही लागतात, म्हणून तळ्याचा गुलाबीपणा थेट दाखवायला आपला हा संवेदक अपुरा पडतो. लँडसॅट-८ कडे निळा पट्टा आहे. उलट नेहमीच्या आभासी रंगांच्या प्रतिमेत अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवतात, त्यामुळे विवराच्या उतारावरची झाडी लालभडक दिसते आणि गुलाबी पाणी गुलाबी दिसत नाही. प्रतिमेत लाल दिसलं की 'पाणी तांबडं झालं' असं लिहिणारा माणूस खरं तर झाडं पाहत असतो.

रेडिओमेट्रिक रिझोल्यूशन थोडक्यात सांगता येईल: उजेडाच्या किती पायऱ्या ओळखता येतात. आठ बिटांत २५६, बारा बिटांत ४०९६. पाण्यासारख्या गडद जागी बारीक फरक टिपायचे असतील तर पायऱ्या जास्त हव्यात. संवेदकांचा आणखी एक भेद लक्षात ठेवायचा. वरचे सगळे संवेदक सूर्यप्रकाशावर चालतात, म्हणून निष्क्रिय. रडार स्वतःच्या लहरी पाठवतं, म्हणून सक्रिय. पावसाळी ढगांतून तळ्याची कडा रडार दाखवेल, रंग कधीच दाखवणार नाही.

एवढं कळलं की विश्लेषणाचा क्रम फारसा पाठ करावा लागत नाही. समोर नकाशा असो वा प्रतिमा, पहिल्यांदा शीर्षक, तारीख आणि संवेदक पाहायचा. मग सूची आणि रंगसंगती, म्हणजे कोणता पट्टा कोणत्या रंगात दाखवला आहे. त्यानंतर प्रमाण. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, तेव्हा लोणारचं तळं २.४ सेंटिमीटर भरायला हवं. पट्टीने मोजून तसं भरत नसेल तर छापील प्रत लहान-मोठी झालेली आहे, आणि तिच्यावरून पुढचं कोणतंही मोजमाप करू नये. अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर २५ मीटर व्यापते, हेही ध्यानात असू द्यावं.

चौथी पायरी दिशा आणि सावली, आणि इथे थोडं थांबायला हवं. लँडसॅट सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे विवराचा आग्नेयेकडचा आतला उतार काळपट दिसतो. तो रंगावरून पाणी समजला जाऊ शकतो. त्याहून गमतीची चूक म्हणजे खड्डा टेकडीसारखा दिसणं. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय, आणि उत्तर वर ठेवलेल्या प्रतिमेत तो खालून येतो. प्रतिमा उलटी फिरवून पाहिली की विवर पुन्हा खोल होतं. खात्री करायची असेल तर समोच्च रेषांचे आकडे वाचायचे. ते केंद्राकडे घटत गेले तर खड्डा, वाढत गेले तर टेकडी.

त्यानंतरच आकार, पोत, रंगछटा आणि शेजार यांवरून वस्तू ओळखायच्या आणि पाण्याची हद्द आखायची. त्यासाठी हिरव्या पट्ट्यातून अवरक्त वजा करून दोघांच्या बेरजेने भागतात. उत्तर धन आलं तर बहुधा पाणी. मात्र लोणारच्या पाण्यात शेवाळ दाटलं की ते अवरक्त प्रकाश परत पाठवतं, आणि तळ्याच्या मधोमधच 'जमीन' उगवते. अशी बेटं दिसली तर तळं आटलं असं न मानता सूत्राचा उंबरठा बदलून पाहावा, लघुतरंग अवरक्त पट्टा वापरून पाहावा.

शेवटची पायरी जमिनीवरची पडताळणी. लँडसॅटच्या दोन प्रतिमांनी रंग बदलल्याचं दाखवलं, का बदलला ते नाही. ते पाण्याच्या नमुन्यांतून कळलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. पाणी आटून क्षार वाढल्यावर ते फोफावले होते आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने तळं गुलाबी दिसत होतं. बाटलीतला नमुना काही वेळ स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.