हॉस्पिटलच्या बिलाच्या फोटोवरून क्लेमसाठी तक्ता: अर्ज, कागदपत्रे आणि बेरजेचा पडताळा

आमच्या सोसायटीत कुणी हॉस्पिटलमधून घरी आलं की आठवड्याभरात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊ लागतात. सात-आठ पानांचं बिल, अर्धे फोटो तिरके, एकावर अंगठा. सोबत निरोप: "दादा, क्लेमचं बघाल का?" यातल्या एका बिलाची गोष्ट इथे सांगतो. शेजारच्या काकू डेंग्यूने चार दिवस ॲडमिट होत्या. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं, म्हणून त्यांनी पैसे भरले आणि नंतर परताव्याचा क्लेम केला.

हा खटाटोप कुणासाठी

कॅशलेसमध्ये बिल हॉस्पिटल आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, आपसात बघतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही उपचार कॅशलेसच असतात, तिथे हा तक्ता लागत नाही. स्वतः पैसे भरून विमा कंपनीकडून परत मागायचे असतील तर मात्र लागतो. पॉलिसी चालू हवी आणि आजार पॉलिसी घेतल्यानंतरच्या प्रतीक्षा काळात अडकलेला नसावा. डे-केअरच्या यादीतल्या प्रक्रिया सोडल्या तर बहुतेक पॉलिसींना किमान 24 तासांची भरती लागते. ॲडमिट झाल्याचं कळवायची आणि कागद द्यायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, ती आधी वाचा.

कागदपत्रे अशी: क्लेम फॉर्मचा भाग अ आपण भरायचा, भाग ब हॉस्पिटलकडून भरून सही-शिक्क्यासह घ्यायचा. डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल आणि त्याचा ओळीओळीचा तपशील, पैसे भरल्याच्या पावत्या, चिठ्ठीसह औषधांची बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक, ओळखपत्र. एक लाखाच्या वरच्या क्लेमला केवायसीचे कागदही मागतात. बिलं मूळ प्रतीच जातात. म्हणून देण्याआधी फोटो काढणं सोयीपुरतं नाही, आपल्याकडे उरणारी प्रत तीच असते.

भाग अ मध्ये बिलांचा एक तक्ता असतो: बिल क्रमांक, तारीख, कुणी दिलं, कशासाठी, रक्कम. बहुतेक जण तिथे एकच ओळ लिहून मोकळे होतात. कंपनी ते स्वीकारतेही. पण नंतर कपात होऊन पैसे आले की ती कशावर झाली हे ताडून बघायला हातात काहीच नसतं. आपण करणार तो तक्ता अर्जाला जोडता येतो, पण त्याचा खरा उपयोग नंतरच होतो.

फोटो आणि उतरवणं

मेडिकलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, काही महिन्यांत पुसट होतात. त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. बिल टेबलावर सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, एका फोटोत एकच पान घ्या. पानाची खालची कड हमखास सुटते आणि पानाची बेरीज नेमकी तिथेच असते. फोटोंना पानांप्रमाणे क्रमांक द्या.

मजकूर गुगल लेन्सने उचलता येतो. एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये Data from Picture आहे, ते थेट रकाने पाडून देतं. कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर बिल चढवू नका, त्यावर रुग्णाचं नाव, वय, आजार सगळं असतं. आणि कशानेही उचललं तरी आकडे तपासायचे आपणच. दशांश चिन्ह गळतं आणि 1,250.00 चे 125000 होतात. पुसट छपाईत 1 चा 7 होतो, 6 चा 8 होतो.

माझे रकाने ठरलेले आहेत: A पान, B तारीख, C तपशील, D नग, E दर, F रक्कम, G वर्ग, H पडताळा. पान क्रमांकाचा रकाना लोक गाळतात. तो असला तर "ही 640 ची ओळ कुठली?" या प्रश्नाचं उत्तर लगेच सापडतं. रक्कम बिलावर छापली आहे तीच लिहायची, गुणाकार करून काढलेली नाही. पानाच्या खालची उपबेरीज आणि पुढच्या पानावरची "मागून आणलेली" रक्कम ओळ म्हणून घ्यायची नाही. पहिल्या पानावरचा गोषवाराही नाही. नाहीतर एकच खर्च दोनदा मोजला जातो. ॲडव्हान्स आणि डिपॉझिट हे भरलेले पैसे आहेत, खर्च नव्हे. ते वेगळ्या शीटवर लिहा.

पडताळा

काकूंच्या बिलात 73 ओळी होत्या. बिलावरची एकूण रक्कम 45,779 रुपये, माझ्या तक्त्याची बेरीज 48,599. फरक 2,820.

आधी ओळ तपासायची, मग बेरीज. H रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलं:

```
=IF(D2="","",ROUND(D2*E2,2)-F2)
```

शून्य नसेल तिथे थांबायचं. एका अँटिबायोटिक इंजेक्शनसमोर उणे 540 आलं: 8 नग, दर 160, म्हणजे 1,280 हवेत. शीटमध्ये 1,820 होते. फोटो बघितला, बिलावर 1,280च होते. आकड्यांची अदलाबदल झाली होती. (मेडिकलने ओळीवर सूट दिली असेल तर H मध्ये शून्य येणार नाही. ती चूक नाही, सूट समोर लिहून ठेवा.)

उरले 2,280. आता H मध्ये सगळीकडे शून्य, तरी बेरीज जुळेना. अशा वेळी फरकाचं निम्मं करून बघावं: 1,140. तेवढ्याच रकमेची ओळ शोधली तर सापडली, "सेल रिटर्न". वापर न झालेल्या सलाइनच्या बाटल्या आणि इंजेक्शनं मेडिकलने परत घेतली होती. बिलावर तिच्यासमोर बारीकशी वजाबाकीची रेघ होती, ती उतरवताना गळली आणि वजा करायची रक्कम मिळवली गेली. नग गुणिले दर बरोबर असल्याने H ला ती पकडता येत नाही. परताव्याच्या ओळी म्हणून आधीच शोधून ठेवाव्यात. जवळजवळ प्रत्येक मोठ्या बिलात त्या असतात.

नग-दर नसलेल्या ओळींसाठी हिशेबनिसांची जुनी युक्ती कामाला येते. उरलेल्या फरकाला 9 ने नि:शेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत. दोन चुका एकत्र असल्या तर ही युक्ती फसते, काकूंच्या 2,820 ला 9 ने भाग जात नव्हताच.

आणखी एक फसवी चूक म्हणजे आकडा दिसायला आकडा, पण शीटच्या लेखी मजकूर. मराठी कीबोर्डवरून टाईप केलेले अंक किंवा आकड्याला चिकटलेली मोकळी जागा यामुळे असं होतं. SUM त्याला निमूटपणे वगळतो. खालच्या सूत्राचं उत्तर शून्य यायला हवं:

```
=COUNTA(F2:F74)-COUNT(F2:F74)
```

बेरीज तरीही जुळेना आणि चूक हॉस्पिटलचीच निघाली, तर आपल्या तक्त्यात दुरुस्त करून पुढे जाऊ नका. बिलिंग काउंटरवरून दुरुस्त बिल घ्या. मूळ बिल आणि तक्ता वेगळं बोलू लागले की क्लेम तिथेच अडकतो.

वर्ग कसे पाडायचे

वर्ग मनाला येईल तसे नकोत, कंपनी ज्या वर्गांवर कात्री चालवते तेच घ्यावेत. प्रत्येक वर्गाची बेरीज अशी:

```
=SUMIF(G$2:G$74,"औषधे",F$2:F$74)
```

काकूंचा हिशेब असा निघाला. खोली आणि नर्सिंग 16,000 (चार दिवस, 4,000 दराने), डॉक्टरांच्या भेटी 6,400, तपासण्या 8,050, परतावा वजा जाऊन औषधे 10,342.50, कन्झ्युमेबल्स म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू 3,216, न मिळणारे 1,770 आणि राउंड ऑफ 50 पैसे. बेरीज 45,779, बिलाशी तंतोतंत. शस्त्रक्रिया असती तर सर्जन, भूल, ओटी आणि इम्प्लांट असे वर्ग वेगळे धरले असते.

"न मिळणारे" हा वर्ग विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या याद्यांवरून करायचा. थर्मामीटर (180) आणि सोबत्याचं जेवण (640) पहिल्या यादीतलं. पॉलिसीत खास कलम घेतलं नसेल तर ते मिळत नाही. ॲडमिशन किट (450) खोलीभाड्यात आणि नोंदणी शुल्क (500) उपचारखर्चात धरलेलंच असतं, त्याचे वेगळे पैसे कंपनी देत नाही. तरी या ओळी तक्त्यातून उडवू नका. अर्जात पूर्ण बिलाची रक्कम मागा, कपात कंपनीला करू द्या.

खरी मोठी कात्री खोलीभाड्याची. काकूंची पॉलिसी तीन लाखांची, खोलीची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला नर्सिंगसह 3,000. घेतलेली खोली 4,000 ची. वरचे चार दिवसांचे 4,000 तर गेलेच, शिवाय त्याच प्रमाणात, म्हणजे 25 टक्के, डॉक्टरांच्या भेटींवरही: 1,600. पण औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या शुल्कालाही नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलमध्ये तर ती लावायचीच नाही. माझा अंदाज म्हणून असा: 45,779 मधून 5,600 आणि 1,770 वजा, 38,409.

कंपनीच्या पत्रात 2,012.50 रुपये आणखी कमी होते. कारणाच्या रकान्यात नुसतं "रूम रेंट लिमिट". तक्ता समोर होता म्हणून दोन मिनिटांत कळलं: 8,050 चे 25 टक्के. तपासण्यांवरही कपात लावली होती. काकूंनी अर्ध्या पानाचा ईमेल केला. तपासण्यांच्या ओळी पान क्रमांकासह, त्यांची बेरीज आणि पॉलिसीतलं प्रमाणशीर कपातीचं कलम. दाद मिळाली नसती तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग बीमा भरोसा पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालाकडे हाच तक्ता जोडता आला असता. ती वेळ आली नाही. अठरा दिवसांनी उरलेले 2,012.50 खात्यात आले, आणि काकूंचा निरोप आला की आता काकांच्या मोतीबिंदूचं बिल पाठवते. तिरका फोटो, अंगठ्यासकट.