केबल बदलून 60 हर्ट्झ मिळतात का?

"लॅपटॉपला यूएसबी-सी हबमधून 4K मॉनिटर जोडला की 30 हर्ट्झच दिसतात. तापकीर गल्लीतला दुकानदार म्हणतो, भारीतली एचडीएमआय केबल घ्या. घेऊ का?"

थांबा, दोष बहुधा केबलचा नाही. यूएसबी-सी पोर्टमध्ये वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. हबवर यूएसबी 3 चे पोर्ट असले, की साधारणपणे दोन वाटा त्यांना जातात आणि चित्राला दोनच उरतात. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट 1.2 चा असेल, तर त्या दोन वाटांतून सेकंदाला 8.64 गिगाबिट जातात. 4K ला 60 हर्ट्झवर साडेबारा तरी लागतात. मग लॅपटॉप मुकाट 30 वर उतरतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. नेमकं हेच पाहून लोक केबलला शिव्या घालतात!

कोथरूडला भावाकडे हब काढून यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लॅपटॉपमध्ये थेट लावली. चारही वाटा चित्राला मिळाल्या आणि लगेच 60 आले. तुम्हीही आधी हेच करून बघा. 60 आले, तर अडचण हबमध्ये आहे. डिस्प्लेपोर्ट 1.4 च्या लॅपटॉपला दोन वाटाही पुरतात, पण हबमधली चिप एचडीएमआय 1.4 ची असेल तर तिथेही 30 च.