फ्रंट लोडची चिठ्ठी टॉप लोडवर का चालत नाही

रुईकर कॉलनीतल्या आमच्या घरात खाली आमच्याकडं फ्रंट लोड मशीन आहे, वरच्या मजल्यावर जाऊबाईंकडं टॉप लोड, आणि दोन्हीकडं धुण्याला मावशी एकच. मावशींना मराठी छान वाचता येतं, त्यामुळं मशीनजवळ एक चिठ्ठी चिकटवली की काम भागतं. अडचण अशी की बहुतेक घरांत एकच चिठ्ठी लिहितात: कपडे टाका, पावडर घाला, बटण दाबा. हीच चिठ्ठी दोन्ही मशिनींवर लावली, तर एकीवर तरी काम बिघडणार.

कारण धुण्याची तऱ्हाच वेगळी. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. तो थोड्याशा पाण्यात कपडे उचलून वर नेतो आणि खाली आपटतो. पंचगंगेच्या घाटावर दगडावर धुणं आपटावं, तसं. टॉप लोडमध्ये ड्रम उभा, तळाशी फिरणारी चकती, आणि कपडे भरपूर पाण्यात मोकळे घुसळले जातात. एकीला कपडे पडायला वरती रिकामी जागा लागते, दुसरीला फिरायला पाणी लागतं. कपडे किती भरायचे आणि पावडर किती घालायची, हे दोन्ही यातूनच ठरतं.

आणखी एक फरक आहे आणि चिठ्ठी लिहिताना मला तोच सगळ्यांत मोठा वाटतो. फ्रंट लोडचं दार एकदा बंद झालं की आतलं काही आपल्या हातात राहत नाही. म्हणून तिच्या चिठ्ठीचा सगळा भर बटण दाबायच्या आधीच्या कामावर हवा. टॉप लोडचं झाकण उचलून मध्येच काही दुरुस्त करता येतं, पण त्यामुळंच फिरत्या ड्रमात हात जायची भीती तिथं जास्त. तिच्या चिठ्ठीचा भर बटण दाबल्यानंतरच्या वागण्यावर हवा.

पावडरीचं आधी बघू, कारण सगळ्यांत जास्त घोटाळा तिथं होतो. दुकानात तीन तऱ्हेची पावडर मिळते: बादलीत हातानं धुण्याची, टॉप लोडची आणि फ्रंट लोडची. हातधुण्याच्या पावडरीला फेस भरपूर येतो, आणि फेस आला म्हणजे कपडा निघाला अशी आपली जुनी समजूत आहे. फ्रंट लोडमध्ये मात्र फेस हा शत्रू. कपडा वरून पडतो तो फेसाच्या गादीवर. आपटतच नाही, मग मळ निघणार कसा? शिवाय पाणी कमी असल्यामुळं तेवढा फेस खळबळून जातही नाही. म्हणून फ्रंट लोडची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवलेली असते. ती टॉप लोडमध्ये घातली तर मोठं नुकसान नाही, फेस दिसत नाही म्हणून मावशी जास्त घालतील इतकंच. उलट केलं तर मात्र गोंधळ. म्हणून आमच्याकडं दोन पावडरींचे डबे वेगवेगळ्या रंगांचे आहेत, आणि बादलीची पावडर मशीनच्या खोलीत ठेवतच नाही.

जास्त फेस झालाय हे ओळखायचं कसं? अर्ध्या तासानं काचेतून बघा. कपडे वर जाऊन पडताना दिसायला हवेत. काच पांढरी झाली असेल आणि आत कपडे नुसते डुलत असतील, तर फेस जास्त आहे. काही मशिनी स्वतःच ते ओळखतात आणि जास्तीची खळबळणी करतात, म्हणून वेळेचा आकडा पुढं सरकत नाही. शेवटी कपडे पाणी गळत बाहेर येतात, वाळल्यावर टॉवेल कडक लागतो आणि काळ्या कपड्यावर पांढरट डाग राहतात. अशा वेळी नवीन पावडर न घालता फक्त खळबळणी आणि पिळणीचा प्रोग्रॅम लावायचा. एकदा भागलं नाही तर पुन्हा. पुढच्या खेपेला माप निम्म्यावर आणायचं.

पाण्याचाही यात हात आहे. बोअरचं जड पाणी फेस येऊ देत नाही आणि पावडरही जास्त मागतं. नळाच्या मऊ पाण्यावर तेच माप चालवलं की फेस उतू जातो. ज्या घरी उन्हाळ्यात बोअर आणि एरवी नळ चालू असतो, तिथं मापावर दोन खुणा हव्यात. चमचे, मुठी असलं काही लिहायचं नाही. पावडरीच्या मापावर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवायची आणि चिठ्ठीत लिहायचं, "लाल रेघेपर्यंत". रेघ कुठं ओढायची ते पाकिटावरच्या कोष्टकावरून ठरवायचं. पूर्ण भरलेल्या मशीनसाठी दिलेलं माप घ्यायचं, नळाचं मऊ पाणी आणि रोजचा घामट मळ असेल तर त्याहून जरा खालीच.

आता कपडे. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे, आणि तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रॅमसाठीचे. आमची फ्रंट लोड सात किलोची आहे. सोमवारचं धुणं घ्या: दोन डबलबेडच्या चादरी मिळून साधारण दीड किलो, चार उशांचे अभ्रे अर्धा किलोच्या आत, तीन मोठे टॉवेल दीड किलो, चार शर्ट पाऊण किलो. झाले चार किलोच्या थोडं वर. आकडा सातच्या बराच खाली आहे, पण ड्रममध्ये बघाल तर निम्म्याहून जास्त भरलेला दिसेल. मावशींनी वजन कुठं करत बसायचं? त्यांच्यासाठी खूण सोपी आहे: कपड्यांच्या वर उभा तळहात सहज गेला पाहिजे. पॉलिस्टरचे, पातळ कपडे असतील तर ड्रम निम्माच भरायचा. खूप कमी भरणंही वाईट. एकटी जाड चादर पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते, पिळताना मशीन धडधडते किंवा पिळतच नाही, आणि काही मशिनींवर UE अशी अक्षरं येतात. तिच्या जोडीला दोन टॉवेल टाकले की तोल साधतो.

हेच धुणं वर टॉप लोडमध्ये टाकायचं झालं, तर तळहाताची खूण चालत नाही. तिथं कपडे दाबायचे नाहीत, चकतीभोवती गोल सगळीकडं सारखे, सैल सोडायचे. चादरी एकीत एक गुंडाळून टाकल्या की दोर होतो, म्हणून एक चादर, मग दोन शर्ट, मग दुसरी चादर. पाणी भरल्यावर झाकण उचलून बघायचं: कपडे पाण्यात हलताना दिसतायत का? सगळे मिळून एक गोळा फिरत असेल तर मशीन थांबवून एक चादर काढायची. फ्रंट लोडला ही सोय नाही.

वेळेचा फरकही चिठ्ठीत यायला हवा. फ्रंट लोडचा सुती कपड्यांचा गरम पाण्याचा प्रोग्रॅम दोन तासांच्या वर चालतो. मावशी तासाभरात जातात. म्हणून खालच्या चिठ्ठीत मशीन सुरू करण्यापर्यंतचंच काम आहे, कपडे काढून वाळत घालणं घरच्यांकडं. वरच्या मशीनचं धुणं मावशी असेपर्यंत होतं, म्हणून वाळत घालणंही तिच्याच चिठ्ठीत.

खाली आमच्याकडं लावलेली चिठ्ठी अशी:

१. मावशी, खिसे उलटे करून बघा. नाणी, पिना, तिकिटं बाहेर.
२. चेन लावा, ब्लाउजचे हूक अडकवा. हूकवाले कपडे जाळीच्या पिशवीत.
३. कपडे एकेक करून सैल टाका. वर उभा तळहात जाईल एवढी जागा ठेवा.
४. दाराच्या रबरात मोजा अडकलाय का ते बघा, मगच दार लावा.
५. निळ्या डब्यातली पावडर, लाल रेघेपर्यंत. खणात जिथं लाल ठिपका आहे तिथंच. शेजारच्या कप्प्यात पावडर नको.
६. नळ सोडा. हात पुसा. मग भिंतीवरचं बटण.
७. गोल चावी लाल ठिपक्यावर आणा, सुरू करा. ड्रम फिरायला लागेपर्यंत थांबा.
८. पाणी खाली आलं, वास आला, लाइट गेली, तर दार ओढू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि मला हाक मारा.

पाचव्या ओळीत खणाचं एवढं सांगितलंय, कारण खणात तीन कप्पे असतात. मुख्य धुण्याचा कप्पा बहुधा II असा लिहिलेला असतो, I हा आधीच्या धुण्याचा आणि फुलाचं चित्र असलेला सॉफ्टनरचा. I मध्ये पडलेली पावडर एक तर तशीच पडून राहते, नाहीतर पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते. कप्प्यांची जागा प्रत्येक मशीनला सारखी नसते, म्हणून "डावीकडचा" असं न लिहिता ठिपका लावायचा.

आठवी ओळही उगीच नाही. दार बंद राहतं ते आत पाणी असतं म्हणून. ओढून उघडलं तर कुलूप तुटतं आणि गरम पाणी अंगावर येतं. प्रोग्रॅम संपल्यावरही एक-दोन मिनिटं दार उघडत नाही, ते बरोबरच आहे.

वरची चिठ्ठी जाऊबाईंच्या अक्षरात. खिशांचं आणि हूकांचं तेच. पुढं मात्र वेगळं:

३. हिरव्या डब्यातली पावडर आधी, रिकाम्या ड्रमच्या तळाशी. मग कपडे. कोरड्या कपड्यांवर पावडर टाकू नका, गोळे राहतात.
४. कपडे गोल, सैल, सगळीकडं सारखे.
५. पाणी भरल्यावर एकदा बघा. कपडे हलत नसतील तर मशीन थांबवा, ड्रम पूर्ण थांबू द्या, मग थोडे काढा.
६. पिळताना मशीन धडधडली तर बटण दाबून थांबवा. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात आत नाही. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या.
७. झाल्यावर नळ बंद, कपडे वाळत घाला, झाकण उघडं.

ट्रे असलेल्या टॉप लोडमध्ये पावडर ट्रेत घालायची, एवढाच तिसऱ्या ओळीत बदल. सहावी ओळ जाऊबाईंनी जाड पेनानं लिहिली आहे. झाकण उचललं की ड्रम लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरतच राहतो, आणि त्या वेळी ओल्या कपड्याचं टोक बोटाला गुंडाळलं तर बोट सुटत नाही. मावशींचं म्हणणं, "इतकी वर्षं बादलीत हात घातला, आता मशीनला भ्यायचं व्हय?" भ्यायचं नाही, खरं तेवढं थांबायचं.

याशिवाय आणखी दोन ओळी दोन्ही चिठ्ठ्यांत सारख्याच आहेत. भाचा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे. त्याच्या कपड्यांवरचं ग्रीस तिथं रॉकेलनं पुसतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर लागलेला कपडा कुठल्याच मशीनमध्ये टाकायचा नाही, वाफेनं पेट घेण्याची भीती असते. तो मोकळ्या हवेत, बादलीत, हातानं. आणि दुसरी ओळ पावसाळ्याची: रेनकोट, रेक्झिनचं कव्हर, प्लॅस्टिकचा पडदा मशीनमध्ये नाही. त्यांच्यातून पाणी झिरपत नाही. पिळताना एका घडीत पाण्याचा फुगा साठतो, ड्रमचा तोल एकदम जातो आणि मशीन जागेवरून उड्या मारते, फ्रंट लोड असो की टॉप लोड. रेनकोट गॅलरीतल्या खिळ्याला अडकवायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायचा.