सगळे एपी चॅनल ६ वर अन् पॉवर फुल: ही सवय नेमकी आली कुठून

गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळचं एक ऑफिस. एक मजला, साधारण साडेचार हजार स्क्वेअर फूट, जिप्समचे पार्टिशन, मधे दोन काचेच्या कॅबिन आणि छताला वायफायचे सहा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे एपी. मे महिन्यात तिथून फोन आला, तिकडचा अ‍ॅडमिनचा पोरगा म्हणाला, "भाऊ, रेंज तर फुल दाखवून राहिला, पण काही उघडूनच नाही राहिलं." मी गेलो आणि पाहिलं तर सहाच्या सहा एपी २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल ६ ला, पॉवर २३ डीबीएम, म्हणजे त्या मॉडेलला जेवढी जाते तेवढी. ज्यानं हे लावलं त्यानं मुद्दाम लावलं होतं, चुकून नाही. मी नंतर त्याच्याशी बोललो तर म्हणाला, सर सगळे एकाच चॅनलवर असले की माणूस चालता चालता फोन तुटत नाही आणि पॉवर जास्त म्हणजे कोपऱ्यात पण रेंज.

हे मी नागपुरात इतक्या ठिकाणी ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहावंच, कारण या दोन्ही गोष्टी एकेकाळी बरोबर होत्या.

सुरुवात १९८५ ची. अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे रेडिओ लहरींचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, मायकेल मार्कस नावाच्या तिथल्याच इंजिनियरच्या पुढाकारानं, तीन बँड लायसन्सशिवाय वापरायला मोकळे केले, त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. हा तसा कोणालाच नको असलेला तुकडा होता, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच चालतो. लायसन्स नाही म्हणजे मालकही नाही, त्यामुळे जो कोणी येईल त्यानं दुसऱ्याला सांभाळून घ्यायचं हा नियम पहिल्यापासूनच यंत्रात घालावा लागला. १९९७ मधे वायफायचं पहिलं स्टँडर्ड, ८०२.११, आलं तेव्हा तो नियम असा ठरला: बोलायच्या आधी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, शांत झालं की थोडा अंदाजे वेळ सोडून मग बोला. वायरवरच्या जुन्या इथरनेटमधे टक्कर झाली तर लगेच कळायचं, रेडिओत कळत नाही, कारण स्वतः ओरडत असताना दुसऱ्याचा बारीक आवाज कानावर येतच नाही. म्हणून आधी थांबणं हाच उपाय.

आता इथे एक गोष्ट आहे जी बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही आणि सगळं दुखणं तिथेच आहे. एपीनं थांबायचं कधी? तर साधारण उणे ८२ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे अगदी बारीक, वायफाय सिग्नल जरी ऐकू आला तरी तो थांबतो, तो आवाज कामाचा असो नसो. पण व्हिडिओ कॉल धड चालायला फोनला त्याहून बराच जोरदार, साधारण उणे ६७ लागतो. दोन्हीत १५ डीबीचा फरक आहे, आणि मोकळ्या जागेत १५ डीबी म्हणजे अंतर साडेपाच पट. म्हणजे जो एपी १५ मीटरपर्यंत नीट सर्व्हिस देतो तो मोकळ्या हॉलमधे ८० मीटरवरच्या दुसऱ्या एपीला गप्प बसवू शकतो. भिंती आल्या की हे कमी होतं, पण जिप्समच्या पार्टिशननं फार काही अडत नाही. त्या ऑफिसात तर शेजारचे एपी एकमेकांना उणे ५० च्या आसपास ऐकत होते, कानाशी बोलल्यासारखं. म्हणून सहा एपी लावून सहा पट काम झालं नाही, सहाजण मिळून एकाच माइकवर रांगेत उभे राहिले. याला सगळे इंटरफिअरन्स म्हणतात पण खरं तर हा गोंगाट नाही, ही वाट बघणं आहे. म्हणूनच रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि पेज मात्र फिरत राहतं.

मग सगळं एकाच चॅनलवर ठेवायची सवय कशी लागली? २००२ च्या शेवटी लिंकसिसचा तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी आला. जगभर घराघरात गेला आणि त्याचा डिफॉल्ट चॅनल ६ होता. एक घर, एक राउटर, काय फरक पडतो. रेंज पुरली नाही की लोक दुसरा डबा रिपीटर म्हणून लावायचे, त्याला डब्ल्यूडीएस म्हणायचे, आणि त्यात एकच रेडिओ असल्यामुळे दोन्ही डबे एकाच चॅनलवर असणं सक्तीचं होतं, नाहीतर ते एकमेकांशी बोलूच शकत नव्हते. म्हणजे "चॅनल सेम ठेव" हा सल्ला तेव्हा अगदी बरोबर होता. शिवाय त्या राउटरचा सोर्स कोड उघडा झाल्यावर बाहेरची फर्मवेअर आली, त्यात पॉवरचा आकडा हातानं वाढवता यायचा आणि लोकांनी वाढवला. आपल्याकडे २.४ चा बँड २००५ च्या जानेवारीत लायसन्समधून मोकळा झाला, आणि तेव्हापासून धरमपेठ, सीताबर्डीकडे दुकानांत, क्लासेसमधे, डॉक्टरांकडे वायफाय लावणारी जी पहिली पिढी तयार झाली ती याच डब्यांवर शिकली. तेव्हा एपी महाग होता, एका मजल्याला एकच बसायचा, तर त्याला फुल पॉवर देणं हेच शहाणपण. त्यांनी पुढच्यांना हेच शिकवलं.

दुसरा धागा मोठ्या ऑफिसांचा. एपी वाढले तसं प्रत्येकाचं चॅनल आणि पॉवर हातानं ठरवणं जमेना, मग कंट्रोलर आले. एअरस्पेस नावाच्या कंपनीनं एपींना एकमेकांचा आवाज मोजायला लावून चॅनल-पॉवर आपोआप ठरवायची पद्धत आणली, २००५ मधे सिस्कोनं ती कंपनी घेतली. त्याच काळात मेरू नेटवर्क्सनं बरोबर उलटं केलं: सगळे एपी मुद्दाम एकाच चॅनलवर, आणि फोनला वाटावं की हा एकच मोठा एपी आहे. त्यात रोमिंग खरंच गुळगुळीत व्हायचं, पण ते चालायचं कारण कोणी कधी बोलायचं हे मधला कंट्रोलर ठरवत होता. त्या कंट्रोलरशिवाय नुसते चॅनल सारखे ठेवले तर त्यातला फायदा जातो आणि रांग तेवढी उरते. "एकाच चॅनलवर फोन तुटत नाही" हा समज मला वाटतं रिपीटर आणि ही पद्धत, दोन्हीची सरमिसळ आहे. साध्या एपीमधे कधी सोडायचं आणि कोणाला पकडायचं हे फोन स्वतः ठरवतो, चॅनल सारखा आहे की नाही याच्याशी त्याचा फार संबंध नाही. उलट सगळीकडून फुल आवाज आला की फोन रिसेप्शनचा एपी धरून पार मागच्या पँट्रीपर्यंत जातो, सोडतच नाही. आणि एपी २३ डीबीएमवर बोलला तरी फोन १५ च्या आसपासच उत्तर देतो, एपीचं फोनला ऐकू येतं पण फोनचं एपीला धड येत नाही, मग पुन्हा पुन्हा पाठवणं आणि त्यात अजून वेळ.

आता बीकन. प्रत्येक एपी दर १०२.४ मिलिसेकंदाला "मी आहे" असं सांगतो, प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी वेगळं. आणि हे सांगतो सगळ्यात कमी स्पीडनं, म्हणजे सेटिंग बदललं नसेल तर १९९७ च्या त्या १ एमबीपीएसनं, की जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही कळावं. २५० बाइटचा एक बीकन या स्पीडला साधारण २.२ मिलिसेकंद खातो. या ऑफिसात तीन नावं होती, स्टाफ, गेस्ट आणि कॅमेरे. सहा एपी गुणिले तीन, अठरा बीकन, म्हणजे जवळपास ४० मिलिसेकंद. दर १०२ मधले ४० नुसते हजेरी लावण्यात! मी सकाळी साडेआठला, झाडू मारणाऱ्या मावशी आणि आम्ही दोघंच असताना लॅपटॉपवर मोजलं:

```
$ iw dev wlan0 survey dump
frequency: 2437 MHz [in use]
channel active time: 10120 ms
channel busy time: 5310 ms
```

२४३७ म्हणजेच चॅनल ६. एकही माणूस कामाला बसला नव्हता आणि अर्धा वेळ हवा भरलेली. सगळ्याच वायफाय कार्डांचे ड्रायव्हर हे आकडे देत नाहीत, पण ज्याचा देतो त्याच्यासाठी याच्याइतका स्वस्त पुरावा नाही, कारण स्पीड टेस्ट नुसतं हळू आहे एवढंच सांगते, काहून हळू आहे ते नाही सांगत.

दुरुस्तीत आधी २.४ चे तीन रेडिओ बंदच केले, एकाआड एक. उरलेल्या तिघांना १, ६ आणि ११. अ‍ॅडमिनचा पोरगा म्हणाला, भाऊ ३ आणि ९ पण रिकामे दिसून राहिले. ते घेऊ नयेत याचं कारणही जुनंच आहे, चॅनलचे नंबर ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत पण एक सिग्नल २० च्या वर जागा घेतो, त्यामुळे ३ वाला १ आणि ६ दोघांवर चढतो आणि वाईट म्हणजे त्याची भाषा त्यांना कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो, म्हणून ते धड थांबत पण नाहीत. एकाच चॅनलवरची रांग त्याच्यापेक्षा बरी. मग पॉवर २३ वरून १४ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅटवरून २५. कॅमेऱ्यांचं नाव काढलं, ते तसेही वायरवर घ्यायला हवे होते. सगळ्यात कमी स्पीड १२ एमबीपीएस केला, त्यानं एक बीकन पाव मिलिसेकंदाच्याही आत आला. हे मात्र आधी तपासून घ्या, कारण खूप जुना बारकोड स्कॅनर किंवा प्रिंटर असेल तर तो कायमचा तुटतो, इथे तसा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मोजलं तर १०१२० मधले १२४० मिलिसेकंद. उरलेले बहुतेक खालच्या मजल्याचे, ते आपल्या हातात नाही.

लॅपटॉप आणि नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर ढकलले. ते आता सोपं झालंय कारण २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे या बँडमधे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय मोकळे झाले, सहा एपींना २० मेगाहर्ट्झचे सहा वेगळे चॅनल आरामात मिळतात. त्यातही लोक ८० ची रुंदी लावून ठेवतात आणि परत त्याच रांगेत येतात. वायफाय ६ मधे दुसऱ्याच्या नेटवर्कचा आवाज रंगानं, म्हणजे प्रत्येक नेटवर्कला दिलेल्या खुणेच्या नंबरानं, ओळखून, फार जोरात नसेल तर न थांबता बोलायची सोय आली आहे, पण शेजारचा एपी उणे ५० नं ऐकू येत असेल तर तिचा काही उपयोग होत नाही.

एक गोष्ट राहिली, ती उन्हाळ्याची. ज्यानं हे लावलं त्याला मी विचारलं की हे एपी तर चॅनल ऑटोवर पण येतात, ते का काढलं? तर आधी ऑटोवरच होते. दुपारी लाइट गेली की यूपीएस काही वेळानं बसायचा, लाइट आली की सहाही एपी एकाच क्षणी चालू व्हायचे, एकाच क्षणी ऐकायचे, आणि तेव्हा कोणीच बोलत नसल्यामुळे प्रत्येकाला तोच चॅनल रिकामा दिसायचा. मग सगळे तिथेच बसायचे आणि पुढची लाइट जाईपर्यंत हलायचे नाहीत. कंटाळून त्यानं चॅनल हातानं फिक्स केला, फक्त सगळ्यांना एकच दिला. आता प्रत्येकाच्या खाली मार्करनं त्याचा चॅनल लिहून चिकटवलाय आणि एपींना नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचला वेगळा यूपीएस दिलाय.