बॅरलचा श्वास आणि लिटरचा खरा भाव

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मावसभावाने एक फोटो पाठवला. कराडजवळ त्याचे तीन टेम्पो आहेत. अंगणात, शेवग्याच्या झाडाजवळ, इंजिन ऑइलचं २१० लिटरचं नवंकोरं बॅरल उभं होतं. खाली मजकूर होता: "दादा, २० लिटरची बादली घेतली तर लिटर २८० ला पडतं. हे २५० ला पडलं. सहा हजार वाचले."

यंदाच्या सप्टेंबरात त्याचाच फोन आला. बॅरलला लावलेल्या हातपंपातून येणारं तेल पाणी घातलेल्या ताकासारखं दिसत होतं. बॅरल उघडून जेमतेम सोळा महिने झाले होते आणि आत अजून अर्धं तेल शिल्लक होतं. दुकानदाराने भेसळ केली, असं त्याचं ठाम मत. मला तसं वाटलं नाही. पाणी त्या बॅरलने स्वतःच ओढून घेतलं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पण आधी लिटरच्या भावाचा हिशोब बघू, कारण गाडी असलेल्या प्रत्येक घराला तो लागू आहे.

पॅकवर आता 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, म्हणजे एका लिटरचा किंवा मिलिलिटरचा भाव. तुलनेला ती बरी. पण ती छापील किमतीवरून काढलेली असते, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. शिवाय ती पॅकमधल्या तेलाचा भाव सांगते. आपल्याला हवा असतो इंजिनात गेलेल्या तेलाचा भाव. एकूण खर्चाला कामी आलेल्या लिटरांनी भागलं की तो मिळतो. या दोन भावांत किती फरक पडतो बघा.

समजा, तुमच्या कारच्या पुस्तिकेत फिल्टरसकट ३.१ लिटर तेल लिहिलंय. चार लिटरचा डबा १,६०० रुपयांना मिळतो, म्हणजे लिटरला ४००. साडेतीन लिटरचा डबा १,४७० ला, लिटरला ४२०. (हे दर हिशोबाच्या सोयीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.) छापील भाव पाहिला तर चार लिटरचा डबा स्वस्त. पण उरलेलं ०.९ लिटर तेल गॅरेजमध्येच राहिलं, तर इंजिनात गेलेलं तेल लिटरला ५१६ रुपयांना पडलं. साडेतीन लिटरच्या डब्यातलं उरलेलं सोडून दिलं तरी भाव ४७४ च येतो. महाग दिसणारा डबा इथे स्वस्त ठरतो.

आता उरलेलं तेल घरी आणलं तर? पुढच्या वेळी आधी ते ओतायचं, मग नवा डबा फोडायचा. असं करत गेलात तर चार डब्यांच्या १६ लिटरांत पाच वेळा तेल बदलून होतं आणि भाव ४१३ वर येतो. ग्रेड मात्र तोच हवा, आणि झाकण घट्ट लावून डबा सावलीत ठेवायला हवा. हेच उरलेलं तेल मोटारसायकलला घालू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी तो घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असं लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून सांगतो. काही ठिकाणी "डबा तुमचाच आहे, उरवून काय करायचं, तेल जास्त असलं की इंजिन थंड राहतं" असं म्हणत चारही लिटर इंजिनात ओतले जातात. हे साफ चूक आहे. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट तेलावर आपटतो आणि तेल घुसळून फेसाळतं. फेस म्हणजे हवा. बेअरिंगमध्ये हवा गेली की तिथला तेलाचा थर तुटतो. तेव्हा डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला आणि दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता बॅरलकडे वळू.

प्लास्टिकची अर्धी रिकामी पाण्याची बाटली झाकण लावून गाडीत राहिली, तर दुपारी ती फुगते आणि पहाटे गालफडं बसल्यासारखी आत चेपलेली दिसते. आतली हवा तापली की पसरते, निवली की आकसते. बाटलीच्या भिंती मऊ, म्हणून त्या आत-बाहेर होतात. बॅरल पत्र्याचं असतं, ते इतकं चेपत नाही. मग आकसलेल्या हवेची जागा भरून काढायला बाहेरून काहीतरी आत यायला बघतं, आणि वाट असते ती बुचांची. बॅरलच्या वरच्या पत्र्यावर दोन बुचं असतात, एक दोन इंची, दुसरं पाऊण इंची. कारखान्यातून येताना ती सीलबंद असतात. एकदा उघडून हाताने पिळून बसवली की आट्यांमधून हवा जायला वाट राहतेच.

गणित शाळेतलंच आहे. दाब तोच ठेवला तर हवेचं आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. आपलं हवामान साधारण ३०० केल्विनचं. म्हणजे तापमान २० अंशांनी उतरलं की हवा सुमारे ७ टक्के आकसते. भावाच्या बॅरलमध्ये ९८ लिटर तेल आणि त्यावर ११२ लिटर हवा होती. त्याचे ७ टक्के म्हणजे जवळपास ८ लिटर. तेलही निवताना आकसतं, पण अंशाला दहा हजारात सातच भाग, आणि ते निवतंही सावकाश. थोडक्यात, हा श्वास हवेचा असतो. भरलेल्या बॅरलमध्ये वर हवा थोडीच, म्हणून ते जेमतेम श्वास घेतं. जसजसं तेल काढत जाल, तसतसा त्याचा श्वास मोठा होतो. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात तेल बिघडलं, ते यामुळेच.

आता पावसाळ्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. ढग बाजूला होऊन कडक ऊन पडलंय, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. आतली हवा पसरून आट्यांमधून फुस्स करत बाहेर गेली आहे. तेवढ्यात सर येते. पत्रा काही मिनिटांत निवतो आणि नेमकं त्याच वेळी बॅरलच्या डोक्यावर पाणी साचतं. बॅरलच्या कडा उभ्या असल्यामुळे वरचा भाग ताटासारखा खोलगट असतो. व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर, आणि पाणी दीड सेंटिमीटर जरी उभं राहिलं तरी ते पावणेचार लिटर होतं. बुचं बुडालेली, आतून ओढ. बूच घट्ट असेल तर आतला दाब जास्तीत जास्त ७ टक्क्यांनी खाली जातो. ही ओढ जवळपास ७० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी असते. आट्यांमधून थेंब थेंब पाणी आत जायला एवढी ओढ पुरते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. थोड्या वेळाने ऊन पडतं, वरचं पाणी सुकतं आणि पुरावाही जातो.

"पावसाळी दमट हवेचं पाणी तेलात उतरतं" असंही सांगितलं जातं. करून बघू. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. आठ लिटर हवेत ते पाव ग्रॅम भरतं. रोजच्या श्वासातलं सगळंच्या सगळं पाणी आत राहिलं असं धरलं, तरी चार महिन्यांत ३० ग्रॅम होतं, म्हणजे अर्धा कपसुद्धा नाही. साचलेलं पाणी एका सरीत त्याहून जास्त आत जाऊ शकतं. उघड्यावर उभ्या बॅरलचा मोठा शत्रू दमट हवा नाही, डोक्यावरचं तळं आहे.

पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पंपाची नळीही तळाशीच. तिने ते घुसळलं की तेल दुधाळ होतं. असं तेल इंजिनात घातलं तर गंज धरतो, आणि झिजेपासून वाचवणारी रसायनं पाण्याच्या संगतीने बिघडतात. संशय आला तर बॅरल न हलवता तळातून थोडं तेल काढा. जुना तवा तापवा, चष्मा घाला, अंतर राखा आणि दोन थेंब टाका. शुद्ध तेल नुसतं पसरतं. पाणी असेल तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. हजारात एक भाग पाण्यालाही तो येतो. गॅस बंद करून मगच थेंब टाका, तेलाची वाफ पेटू शकते. भावाच्या तेलाचा तडतडाट मला फोनवर ऐकू आला.

ते ९८ लिटर त्याने वापरलेल्या तेलाच्या पिंपात, पुनर्प्रक्रियेला देण्यासाठी, रिकामे केले. ५२,५०० रुपयांत ११२ लिटर कामी आले. भाव ४६९. गावातल्या दुकानात त्याच ग्रेडची एक लिटरची बाटली ३४० ला मिळते.

पाणी शिरलंच नसतं तरी बॅरल स्वस्त पडलं असतं का? त्याचे टेम्पो वर्षाला ८४ लिटर तेल घेतात, म्हणजे बॅरल अडीच वर्षं पुरणार. तेवढे दिवस सरासरी अर्धे पैसे अडकून राहतात. दहा टक्क्यांनी त्याचं व्याज ६,५६० रुपये. हातपंपाचे १,५००. तळाशी नळी न पोचलेलं चार लिटर तेल सोडून द्या. ६०,५६० ला २०६ ने भागलं की २९४ रुपये येतात. पंप पुढच्या बॅरलला फुकट धरला तरी २८७. बादलीचं व्याज आणि तळाचं तेल धरून भाव २८५. पण त्याच्याकडे वीस टेम्पो असते, तर बॅरल साडेचार महिन्यांत संपलं असतं. व्याज हजाराच्या आत राहिलं असतं, भाव २६० च्या आसपास आला असता, आणि उन्हाळ्यात उघडलेलं बॅरल सहसा एकाहून जास्त पावसाळा बघत नाही.

ज्यांना बॅरल घ्यावंच लागतं त्यांनी ते छपराखाली ठेवावं. छप्पर नसेल तर आडवं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. बॅरल भरलेलं असताना बुचं तेलाखाली राहतात आणि त्यांच्यावर पाणी साचत नाही. पंप बसवल्यामुळे उभंच ठेवायचं असेल, तर एका बाजूला विटेचा तुकडा सारा. दोन्ही बुचं सारख्या उंचीवर राहिली पाहिजेत. मग पाणी उताराच्या कडेला जमतं आणि बुचं कोरडी राहतात.

भावाचं रिकामं बॅरल आता पागोळ्यांचं पाणी धरायला लावलंय. गेल्या महिन्यात त्याने वीस लिटरच्या दोन बादल्या आणल्या. दुसरीचं झाकण त्याने अजून उघडलेलं नाही.